मूठमाती

नेरूळ,
मे महिन्यातली एक रात्र

प्रिय छोट्या,

परवा रात्री तू वाईहून आजीच्या फोनवरून बोललास ते अजून कानात आहे. हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक संपलं म्हणून तू फोन केला असशील असं मला वाटलं होतं, पण तू भांडायलाच बसला होतास. "डॉबी जगला असता तरी व्होल्डेमॉर्ट हरलाच असता, मग त्याला का मारलं? वाचणाऱ्याला रडवायचं म्हणूनच ना?" असं म्हणून तू फोन आजीच्या हातात दिलास. आजी घाबरून मला विचारत होती, कोण गेलं म्हणून.

तुझा प्रश्न खरा आहे, म्हणून फोनवर घाईघाईत उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं. काल आणि आज ऑफिसला जाता-येताना, नेरूळ ते सीएसएमटी, मी तेविसावं आणि चोविसावं अशी दोनच प्रकरणं पुन्हा वाचली. तेविसाव्याच्या शेवटी डॉबी मरतो आणि चोविसाव्याच्या सुरुवातीला त्याला पुरतात. तू पहिल्या प्रसंगावर अडकला आहेस. त्याचं उत्तर दुसऱ्यात आहे, असं मला वाटतं.

आधी तू म्हणतोस तसंच करून बघू. बेलाट्रिक्सने फेकलेली ती चांदीची सुरी हुकली असं समज. हॅरी, ग्रिपहुक आणि डॉबी समुद्रकाठच्या त्या घरी सुखरूप पोचतात. रॉन हर्मायनीला घेऊन आधीच आलेला आहे. बिल दार उघडतो, फ्लर जखमा धुते, सगळे आत जातात. आता सांग, त्या रात्री हॅरी बाहेर अंधारात एकटा किती वेळ असता? एक क्षणही नाही. आणि जे ठरवायचं होतं ते त्याला त्या अंधारातच ठरवता आलं.

त्या दिवसांत हॅरीचं काय चाललं होतं ते आठव. मृत्यूच्या त्या तीन भेटींची गोष्ट ऐकल्यापासून तो झपाटलेला होता. सर्वांत बलवान कांडी, मेलेल्यांना परत बोलावणारा खडा आणि अदृश्य करणारा झगा. झगा त्याच्याजवळ होताच. खडा डम्बलडोरने ठेवलेल्या सोनेरी चेंडूत असणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. व्होल्डेमॉर्ट कांडीच्या मागावर आहे हेही त्याला कळलं होतं. हॉरक्रक्स शोधायचं मूळ काम बाजूला पडलं होतं, आणि रॉन व हर्मायनी त्याला समजावून थकले होते. अशा माणसाला कोणाच्या सांगण्याने जाग येत नाही. त्याच्यावर काहीतरी मोठं गुदरावं लागतं.

आता चोविसावं प्रकरण सावकाश वाच. हॅरीचं पहिलं मागणं असं आहे की डॉबीला नीट पुरायचं, जादूने नाही. त्याला फावडं हवं असतं. कांडीच्या एका हालचालीने खड्डा झाला असता, तरी तो बागेच्या टोकाला, झुडपांच्या मधोमध, स्वतःच्या हाताने खणायला लागतो. घाम येतो, तळहाताला फोड येतात, आणि त्या कष्टात त्याला बरं वाटतं. प्रत्येक फोड म्हणजे त्या लहानग्याला दिलेली एक भेट, अशा भावनेने तो खणतो.

इथे लेखिकेने एक मोठी गोष्ट फार हळू आवाजात सांगितली आहे. खणत असताना हॅरीचा कपाळावरचा व्रण जळत असतो. व्होल्डेमॉर्ट रागाने पेटलेला आहे आणि त्याचा राग हॅरीला दुरून दिसतोय. आठव, पाचव्या पुस्तकात मन बंद ठेवायला शिकवण्यासाठी स्नेपचे किती तास खर्ची पडले आणि हॅरीला ते कधी जमलं नाही. इथे, फावडं हातात असताना, ते आपोआप जमतं. दुःखाने मन इतकं भरलंय की शत्रूला आत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. डम्बलडोर याला दुःख म्हणाले नसते, प्रेम म्हणाले असते, हेही हॅरीला तिथेच सुचतं. जी विद्या शिकवणीत आली नाही ती एका खड्ड्याकाठी आली. डॉबी जिवंत असता तर हे कुठे घडलं असतं, तूच सांग.

याच खणण्यात त्याच्या मनात दोन शब्द आळीपाळीने येत राहतात, भेटी की हॉरक्रक्स. शब्द तेच असतात, पण त्यांच्यातला ताप उतरलेला असतो. हाव विझलेली असते.

आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे बघ. गावाकडे कोणी गेलं की आजोबा म्हणतात, "मातीला जाऊन येतो." आणि एखादी गोष्ट कायमची सोडून दिली की आपण म्हणतो, तिला मूठमाती दिली. मेलेल्या माणसाला द्यायची मूठभर माती आणि मनातून काढून टाकलेली इच्छा, दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. हॅरी त्या खड्ड्यात या दोन्ही अर्थांनी मूठमाती देतो. डॉबी खाली जातो आणि त्याच्यासोबत त्या कांडीची हावही पुरली जाते. मी मूळ इंग्रजीत कितीदा वाचलं तरी हा दुहेरी अर्थ मला मराठीतच सापडला.

पुरून झाल्यावर तो मातीने माखलेल्या हातांनी घरात येतो आणि बिलला सांगतो की मला ग्रिपहुक आणि ऑलिव्हँडर, दोघांशी आत्ताच बोलायचंय. आधी कोणाशी, असं विचारलं जातं. हा सगळ्या पुस्तकाचा बिजागरा आहे आणि तो एका साध्या प्रश्नात लपवलाय. ऑलिव्हँडर कांड्या बनवणारा. त्याच्याकडे आधी जायचं म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या आधी त्या बलवान कांडीपर्यंत पोचायची धडपड करायची. ग्रिपहुक ग्रिंगॉट्स बँकेतला गॉब्लिन. त्याच्याकडे जायचं म्हणजे बेलाट्रिक्सच्या तिजोरीतला हॉरक्रक्स मिळवायचा. हॅरी ग्रिपहुकचं नाव घेतो. तो आत बोलत असताना व्होल्डेमॉर्ट डम्बलडोरच्या थडग्याकडे निघालेला आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि तो त्याला जाऊ देतो. सहा पुस्तकं जो मुलगा प्रत्येक वेळी धावत सुटला, तो पहिल्यांदा समजून-उमजून थांबतो.

आणि ग्रिपहुक त्याचं ऐकतो का? गॉब्लिनांचा जादूगारांवर काडीचा विश्वास नाही. बँक फोडायला मदत कर असं कोणी म्हटलं तर तो हसून सोडून देईल. पण त्याने खोलीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं की या मुलाने एका एल्फसाठी स्वतःच्या हाताने कबर खणली. पहिली गोष्ट तो तीच काढतो. हा जादूगार काही वेगळाच आहे, असं त्याला वाटतं, आणि तिथून बोलणं सुरू होतं. पुढे तो मदतीची किंमत म्हणून तलवार मागतो आणि धोकाही देतो, ते खरं. पण बँकेचं दार उघडलं ते त्या खड्ड्यामुळे. डॉबी गेला नसता तर खड्डा नसता, खड्डा नसता तर ग्रिपहुक नसता, ग्रिपहुक नसता तर तिजोरीतला तो पेला मिळाला नसता. आता म्हण, डॉबी जगला असता तरी व्होल्डेमॉर्ट हरला असता म्हणून.

तू म्हणशील, मग कोणीही मेलं असतं तरी चाललं असतं, डॉबीच का?

तळघर आठव. हॅरी आणि रॉन कोंडलेले, वर हर्मायनीच्या किंकाळ्या, आणि तिथून जादूने निसटायची सोय नाही. तिथे येऊन बाहेर जाऊ शकेल असा एकच जीव होता. क्रीचरच्या गोष्टीत लेखिकेने हे आधीच सांगून ठेवलंय. एल्फांची जादू वेगळी असते, आणि धनी लोक त्यांना इतकं तुच्छ मानतात की त्यांच्यासाठी कुलूप लावायचंही कोणाच्या मनात येत नाही. मॅलफॉयांच्या वाड्याची हीच एक फट होती. तिच्यातून येणारा मुक्त एल्फच हवा होता, कारण बांधलेल्या एल्फाला धन्याचा हुकूम पाळावाच लागतो.

आणि कुठल्या घरात तो आला ते बघ. याच घरात तो उशीचा मळका अभ्रा नेसून राबायचा. दुसऱ्या पुस्तकात पहिल्यांदा भेटतो तेव्हा हॅरी त्याला नुसतं "बस" म्हणतो आणि तो हुंदके देत रडतो, कारण आजवर कुठल्या जादूगाराने त्याला बरोबरीचा समजून बसायला सांगितलं नव्हतं. धन्याविरुद्ध एक शब्द निघाला की तो स्वतःचंच डोकं आपटून घ्यायचा. त्याच घरात तो पुन्हा येतो, कोणाच्या हुकमाने नाही. धन्याला उलटून बोलायची हिंमत कशी झाली असं बेलाट्रिक्स ओरडते, तेव्हा आपल्याला कोणी धनी नाही, आपण मित्रांना सोडवायला आलोय, असं तो तिला तोंडावर सांगतो. यावेळी तो स्वतःला शिक्षा करत नाही. तिकडे बघितलंस का तू? मी पहिल्यांदा वाचताना ती जागा घाईत ओलांडून गेले होते. काल सानपाड्याच्या आसपास पुस्तक मांडीवर ठेवून तिथेच थांबले.

आता ते मोजे. लूसियस मॅलफॉयने फेकलेला हॅरीचा मोजा झेलून डॉबी मुक्त झाला, हे तुला माहीत आहे. त्याच्या लगेच नंतर काय होतं ते आठवतंय? पुन्हा कधी माझा जीव वाचवायला जाऊ नकोस असं वचन हॅरी त्याच्याकडे गमतीने मागतो, कारण वर्षभर डॉबीच्या मदतीने त्याचे हालच झालेले असतात. डॉबी नुसता तोंडभर हसतो. ते पान पुन्हा काढून बघ. तो वचन देत नाही. दुसरं पुस्तक १९९८ सालचं आणि सातवं २००७चं. नऊ वर्षं लेखिकेने ते हसू तसंच राहू दिलं आणि मग त्याचा अर्थ सांगितला.

मधल्या पुस्तकांत मोजे येतच राहतात. हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात तो पगारावर काम करतो, आठवड्याला एक गॅलियन आणि महिन्याला एक सुट्टी. डम्बलडोर दहा गॅलियन द्यायला तयार होते, त्यानेच घासाघीस करून कमी करून घेतले. त्या पैशातून तो लोकर आणि कपडे घेतो, दोन पायांत दोन वेगळे मोजे घालतो. आणि शेवटी पुरताना हॅरी त्याला आपल्या जॅकेटमध्ये गुंडाळतो, रॉन खड्ड्याच्या काठावर बसून पायातले बूट आणि मोजे काढतो आणि ते मोजे डॉबीच्या उघड्या पायांत घालतो. डीन लोकरीची टोपी देतो. ल्यूना त्याचे डोळे मिटते आणि त्याचे आभार मानते. रॉन त्या वेळी जेमतेम आभाराचे दोन शब्द बोलतो. एल्फांच्या हक्कांवरून हर्मायनीची सर्वांत जास्त थट्टा ज्याने केली, तोच अनवाणी उभा राहतो. हे वाचून मला वाटलं, त्याच्यातला बदल याहून कमी शब्दांत सांगता आला नसता.

आणखी एक चित्र याच्याशेजारी ठेव. सीरियसच्या जुन्या घरात जिन्यावर ओळीने काय टांगलं होतं? म्हाताऱ्या झालेल्या एल्फांची कापलेली मुंडकी. सेवा करून मेलं की एल्फाच्या वाट्याला ती भिंत यायची. डॉबीला माती मिळाली, मोजे मिळाले, आणि डोक्याशी एक मोठा पांढरा दगड. त्या दगडावर हॅरी कांडीने अक्षरं कोरतो. हर्मायनीने ती जास्त सुबक कोरली असती हे त्याला कळतं, तरी तो स्वतःच कोरतो. काय कोरलं ते तुला पाठ आहे. त्यात पराक्रम नाही, फक्त त्याचं नाव आणि तो स्वतंत्र होता ही गोष्ट.

आता मला सर्वांत मोठं वाटणारं कारण. या मालिकेत हॅरीची माणसं एकामागून एक जातात, पण त्याच्या हाताला माती लागत नाही. सीरियस त्या पडद्याआड पडला, देह उरलाच नाही. हेडविग आकाशात गेली, तिचा पिंजरा गाडीसोबत उडवून द्यावा लागला. मूडीचा देह शोधूनही मिळाला नाही. हॅरीला नंतर त्याचा फक्त तो जादूचा डोळा मिळाला आणि त्याने तो जंगलात एका जुन्या झाडाखाली पुरला. डम्बलडोरचं पांढरं थडगं तर ज्वाळांमधून आपोआप उभं राहिलं. आई-वडिलांच्या थडग्यापाशी तो पहिल्यांदा सोळाव्या प्रकरणात पोचतो, तेही रिकाम्या हाताने. प्रत्येक दुःख आत साठत गेलं, आणि म्हणून मेलेल्यांना परत आणणारा खडा त्याला इतका हवासा वाटला. डॉबी हा पहिला, ज्याला त्याने स्वतः उचललं, गुंडाळलं, खाली ठेवलं आणि माती दिली. त्या रात्री मेलेलं परत येत नाही हे त्याच्या हातांना कळलं. जंगलात शेवटी तो खडा त्याच्या हाती येतो तेव्हा तो आपल्या माणसांना सोबतीपुरतंच बोलावतो आणि मग खडा बोटांतून गळू देतो. तेवढं बळ इथून आलंय, असं मी मानते.

तू २०१० सालचा सिनेमा आधी पाहिलास, त्यामुळे तुला तो मृत्यू अचानक वाटला असेल. दुसऱ्या सिनेमानंतर डॉबी थेट या सिनेमातच दिसतो. चौथ्या पुस्तकात पाण्याखाली श्वास घ्यायची वनस्पती तोच आणून देतो, सिनेमात ती नेव्हिल देतो. सिनेमात मरताना त्याला सुंदर वाक्य दिलंय. पुस्तकात तो फक्त हॅरीचं नाव घेतो, दोन शब्द, आणि त्याच्या मोठ्या डोळ्यांत चांदण्या दिसत राहतात. मला पुस्तकातलं जास्त खरं वाटतं. जो आयुष्यभर इतकं बोलला, त्याच्यापाशी शेवटी एवढंच उरलं.

मालिकेतल्या सगळ्याच मृत्यूंची बाजू मी घेणार नाही. ल्यूपिन आणि टॉन्क्स आपल्यासमोर मरतही नाहीत, नुसते ओळीत ठेवलेले दिसतात. तिथे तुझा राग मला पटतो. एखाद्या मृत्यूची गरज होती की नाही हे ओळखायची माझी खूण अशी, की तो झाल्यावर मागे राहिलेला माणूस वेगळं काही करतो का. घटोत्कच आठव. तोही आठवण काढली की यायचा, आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली कर्णाची ती शक्ती त्याने आपल्या छातीवर घेतली. त्याच्या मृत्यूने युद्धाचा हिशेब बदलला, कृष्णाला आनंदही झाला. पण त्याच्यासाठी खड्डा खणत बसायला त्या रात्री कोणाला वेळ नव्हता. डॉबीच्या मृत्यूने हिशेबही बदलला आणि माणसंही. हॉगवर्ट्सच्या लढाईत, सगळे जिवाच्या आकांताने धावत असताना, स्वयंपाकघरातल्या एल्फांना आधी बाहेर काढायला हवं, डॉबीसारखं आणखी कोणाचं व्हायला नको, हे कोणाला सुचतं? रॉनला.

तुला एक आठवण करून देते. तू दुसरीत होतास. आपल्या गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं होतं आणि एक पिल्लू सकाळी खाली पडलेलं सापडलं. वॉचमनकाका म्हणाले, द्या इकडे, मी टाकून येतो. तू दिलं नाहीस. माळीकाकांकडून खुरपं मागून घेतलंस, सोसायटीच्या भिंतीलगत तगरीखाली तासभर खणत बसलास आणि स्वतःच्या शाळेच्या रुमालात ते गुंडाळलंस. मी मदतीला आले तर म्हणालास, "नको ताई, मीच." मग त्या उन्हाळ्यात उरलेल्या दोन पिल्लांसाठी तू दुपारभर गॅलरीचं दार बंद ठेवायला लावलंस, वारा नसला तरी चालेल म्हणालास. ती दोन्ही उडून गेली.

वाईहून येताना पुस्तक बॅगेत तळाशी टाकू नकोस, वर ठेव. चोविसावं प्रकरण आपण एकत्र वाचू.

तुझी,
ताई